फ्रेंचमधले ‘ई’ आणि ‘आँ’

फ्रेंचमध्ये ‘ई’ म्हणजे तिथे आणि ‘आँ’ म्हणजे त्यातले. दोन्ही सर्वनामे क्रियापदाला पुढून चिकटतात: ‘जी व्हे’, मी तिथे जातो. खरी गडबड संयुक्त भूतकाळात होते, कारण तिथे क्रियापदाचे दोन तुकडे असतात. सर्वनाम साहाय्यक क्रियापदाआधी येते, मुख्य रूपाआधी नाही: ‘जी स्वी आले’, मी तिथे गेलो. नकारात ‘न’ आणि ‘पा’ यांच्या कुशीत सर्वनाम व साहाय्यक दोघे बसतात: ‘ज नी स्वी पा आले’. अशा वाक्यात ‘पा’ नंतर लगेच सर्वनाम आले, की वाक्य चुकलेच समजा. ‘आँ’चेही तसेच: ‘ज नाँ ने पा माँजे’, मी त्यातले खाल्ले नाही. होकारार्थी आज्ञेत मात्र क्रम उलटतो: ‘व्हाझी’, जा तिथे!