बंदरापर्यंत ताजा बांगडा

कोकण किनाऱ्यावर छोट्या होडीत बांगडा चढतो तेव्हा त्याचे अंग समुद्राइतकेच, म्हणजे सुमारे २८ ते ३० अंश गरम असते. या उष्णतेत जिवाणू झपाट्याने वाढतात आणि बांगड्यात हिस्टामीन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. म्हणून गारवा पहिल्या तासातच मिळायला हवा.

५० किलो बांगडा ३० अंशांवरून शून्याजवळ आणायला साधारण १५ किलो बर्फ वितळतो. मात्र पेटीच्या भिंतींतून आणि झाकणातून ऊन सतत आत शिरत असते, त्यामुळे उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ घेणे शहाणपणाचे. बर्फ बारीक फोडावा. मोठे खडे कातडी फाडतात आणि मासळीला सगळीकडून भिडत नाहीत. तळाशी बर्फ, वर मासळीचा पातळ थर, पुन्हा बर्फ, असे भरून शेवटचा जाड थर वर ठेवावा. वितळलेले पाणी रक्त आणि घाण घेऊन उतरते, त्याला तळाच्या भोकातून वाट हवी.

बांगडा लवकर गार करण्यासाठी स्वच्छ समुद्रपाणी आणि बर्फ यांचे मिश्रण उत्तम, कारण पाणी माशाला चारी बाजूंनी भिडते. बर्फ वितळून खारटपणा उतरतो, म्हणून थोडे जाडे मीठ घालतात. त्याने तापमान शून्याच्या किंचित खाली जाते. मीठ जास्त झाले तर मांस खारट होते.

मासळी फेकू नये, तुडवू नये. पोट फुटलेला बांगडा वेगळा काढावा. बुबुळ खोल गेले आणि कल्ले तपकिरी पडले, तर नंतर घातलेला बर्फ काही परत आणत नाही.