एक ‘म’, दोन पिढ्या

परदेशातल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांचं बोधचिन्ह साधारण एकाच साच्यातलं असतं. एक वर्तुळ, आत महाराष्ट्राचा नकाशा, नकाशात गणपती किंवा महाराज, बाजूला तुतारी, खाली त्या देशाचा आणि भारताचा झेंडा, आणि वर्तुळाच्या कडेने गोल फिरणारं मंडळाचं नाव. ते काढणाऱ्यांनी मनापासून काढलेलं असतं, आपल्याला जे जे प्रिय आहे ते सगळं त्यात असावं म्हणून. पण आज या चिन्हाला सगळ्यात जास्त वेळा जिथे पाहिलं जातं, ती जागा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्रुपशेजारचं नखाएवढं वर्तुळ. तिथे यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो एक भगवा-तपकिरी ठिपका.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं; न. चिं. केळकरांनी त्याची मुहूर्तमेढ रोवली. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची मातृसंस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं. त्या काळात मंडळात येणारा प्रत्येक जण मराठी वाचत होता. फलकावर देवनागरीत नाव लिहिलं की काम भागत होतं. आता त्याच सभासदांची मुलं, काही ठिकाणी नातवंडं, सभागृहात असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी कळतं, आजीशी ती मोडकंतोडकं बोलतातही, पण वाचता येत नाही. म्हणजे ऐकणारा मराठी आणि वाचणारा इंग्रजी, असा सभासद मंडळांसमोर आहे. त्याच्यापर्यंत पोचायचं आणि त्याच्या आईवडिलांना आपलं मंडळ परकं वाटू द्यायचं नाही, हे या कामातलं खरं कोडं.

मध्यंतरी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या मंडळाचं चिन्ह नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. जुनं चिन्ह वर सांगितलं तसंच होतं. आम्ही आधी कागदपेन्सिल हातात न घेता ते दोन प्रकारच्या लोकांना दाखवलं. मंडळातल्या एका काकूंनी लगेच सांगितलं, ‘आपल्या मंडळाचं आहे, पण त्या कागदी डिशवर छापू नका. गणपती खरकट्यात जातो, बघवत नाही.’ आणि हायस्कूलमधल्या एका मुलाने शांतपणे विचारलं, ‘हे रेस्टॉरंटचं आहे का?’

काकूंचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. चिन्ह डिशवर, नॅपकिनवर, पाण्याच्या बाटलीवर, पार्किंगच्या पाटीवर जाणार आणि कार्यक्रम संपला की कचऱ्यात जाणार. देवाची किंवा महाराजांची प्रतिमा तिथे असता कामा नये. ती मखरात असावी, पोवाड्यात असावी. छपाईच्या रोजच्या वापरात नको. एवढ्या एका विचाराने निम्मा नकाशा रिकामा झाला.

मुलाचा प्रश्नही तितकाच नेमका होता. जुन्या चिन्हात मंडळाचं इंग्रजी नाव अशा फाँटमध्ये होतं, ज्यात रोमन अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा ओढून त्यांना देवनागरीचा भास दिलेला असतो. परदेशात असा फाँट करी हाउसच्या पाट्यांवर आणि मसाल्याच्या पाकिटांवर सर्रास दिसतो. तिथे वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांना त्याचा अर्थ एकच: जेवण. आईवडिलांना ज्यात आपलेपण दिसतं, त्यात मुलाला परक्यांनी रंगवलेला भारत दिसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. देवनागरी देवनागरीसारखी लिहावी, रोमन रोमनसारखी, आणि दोघींना सारखाच मान द्यावा.

हा सारखा मान द्यायचा कसा? दोन लिप्या एकाच मापात टाइप केल्या, तरी त्या डोळ्यांना सारख्या दिसतीलच असं नाही. देवनागरी शिरोरेषेला लटकते, रोमन तळरेषेवर उभी राहते. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, यांच्यासाठी जास्तीची जागा लागते. शेजारी ठेवताना शिरोरेषा रोमनच्या लहान अक्षरांच्या किंचित वर आणि मोठ्या अक्षरांच्या खाली आली, तर दोन्ही ओळी एका उंचीच्या वाटतात. रेषांची जाडीही जुळवावी लागते. हे सगळं हाताने करायचं नसेल, तर एकाच हाताने दोन्ही लिप्या घडवलेला फाँट घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता तसा आहे, त्याची सात वजनं आहेत आणि तो मुक्त परवान्यावर फुकट मिळतो. फुकट असणं इथे महत्त्वाचं, कारण मंडळाची कार्यकारिणी बदलते आणि विकतच्या फाँटचा परवाना जुन्या कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर राहून जातो.

छोट्या वर्तुळासाठी आम्ही फक्त ‘म’ ठेवला. महाराष्ट्र, मराठी, मंडळ, तिन्हींचं पहिलं अक्षर तेच. ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही, त्यालाही हे एक अक्षर चित्र म्हणून ओळखता येतं आणि काही महिन्यांत ते त्याचं स्वतःचं होतं. पहिला ‘म’ बोरूच्या कापाचा काढला होता, जाड-बारीक रेषांचा. फलकावर तो देखणा दिसला; फोनवर बारीक रेषा उडाल्या आणि उरला एक दांडा. मग त्याच अक्षराची दोन रूपं केली: मोठ्या वापरासाठी बोरूचं, छोट्यासाठी एकसारख्या जाड रेषेचं आणि आतली पोकळी थोडी मोठी केलेलं. शेजारी ठेवली तर फरक दिसतो. पण एकटी पाहिली, तर दोन्ही एकच वाटतात, आणि तेच हवं असतं.

पुढची कसोटी टी-शर्टाची. ढोल-ताशा पथकाच्या पोरापोरींना छातीवर भरतकामात नाव हवं होतं. धाग्याला स्वतःची जाडी असते. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर भरलं, की आतल्या पोकळ्या बुजतात. नमुना आला तेव्हा ‘मंडळ’वरचा अनुस्वार शिरोरेषेत मिसळला होता आणि वाचताना ‘मडळ’ होत होतं. अनुस्वार मोठा केला, थोडा वर उचलला, आणि छातीवर फक्त ‘म’ ठेवून पूर्ण नाव पाठीवर नेलं.

रंगाचं भांडण प्रत्येक मंडळात होतं, तसं इथेही झालं. भगवा हवाच, असा आग्रह होता आणि तो आम्ही मानला, पण रंगपट्टीत, अक्षरांसाठी नाही. पांढऱ्यावर भगवी अक्षरं वाचवत नाहीत. वेबसाइटवरचा मजकूर वाचनीय होण्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान 4.5 ला 1 असावा, असं सर्वमान्य प्रमाण आहे. #FF9933 हा भगवा पांढऱ्यावर जेमतेम 2.1 भरतो. अक्षरांना कुंकवाचा गडद लाल दिला, तो नऊच्या पुढे जातो. सत्तरी ओलांडलेल्या सभासदांनी याबद्दल आपणहून आभार मानले.

आता एक चूक, जी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फलकावर दिसते. परदेशातल्या छापखान्यात देवनागरी मजकूर पेस्ट केला, की ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ फुटून तीन तुकडे होतात आणि ‘दिवाळी’ची पहिली वेलांटी ‘द’च्या पुढे जाऊन बसते. छापणाऱ्याला मराठी येत नाही, त्यामुळे त्याला काही खटकत नाही. कारण सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगचं असतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी Adobe World-Ready Paragraph Composer निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये Show Indic Options चालू करून भारतीय लिप्यांचा कंपोझर घ्यावा लागतो. याहून सोपा उपाय म्हणजे छापखान्याला टाइप केलेला मजकूर द्यायचाच नाही, अक्षरांचे आकार पक्के करून PDF द्यायची. वेबसाइटवर मराठी मजकुराला `lang="mr"` अशी खूण लावावी. चांगल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी आणि हिंदी, दोन्ही वळणं असतात आणि ही खूण असली की मराठी वळण उमटतं. ‘मराठी शाळा’ या शब्दांतला ‘श’ हिंदी वळणाचा दिसला, तर मुलांना कळत नाही. शाळेत शिकवणाऱ्या मावशींना मात्र पहिल्या नजरेत कळतं.

चिन्हापेक्षा शब्दांवर मी जास्त वेळ घालवला. एकाच गुढीपाडव्याच्या तीन घोषणांत Gudi Padwa, Gudhi Padva आणि Gudhipadwa अशी तीन स्पेलिंगं होती. मुलाने फोनवर शोधलं तर एक सापडतं, दोन हरवतात. सणांची, पदार्थांची आणि नेहमीच्या कार्यक्रमांची रोमन स्पेलिंगं एका पानावर ठरवून टाकली. सणांची नावं इंग्रजीत बदलली नाहीत. मुलांना ‘कोजागिरी’ म्हणता येतं. त्यांना तो शब्द ऐकून माहीत असतो.

निमंत्रणं मात्र दोन प्रकारची केली. मोठ्यांच्या निमंत्रणात सप्रेम नमस्कार, कलाकारांची नावं, प्रसादाची वेळ, घरून काय आणायचं ते. मुलांना जाणाऱ्या निमंत्रणात त्यांनी स्वतः विचारलेल्या तीन गोष्टी वर आणल्या: किती वाजता संपेल, जेवायला काय आहे, आणि मराठी नसलेल्या मित्राला आणलं तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी ‘हो’ असं असणं फार गरजेचं आहे. ते लिहिलं नसेल, तर मूल विचारत बसत नाही, येतच नाही.

कार्यकारिणीत एक सूचना आली होती की तरुणांसाठी वेगळं नाव आणि वेगळा लोगो करावा. मी ठाम विरोध केला. वेगळं चिन्ह दिलं, की मुलांना आपली पंगत बाजूला मांडल्याचं कळतं, आणि ती शाखा चालवणारी मुलं कॉलेजला गेली की ते चिन्हही संपतं. त्याऐवजी तोच ‘म’ त्यांच्या हाती दिला. आकार बदलायचा नाही, तिरका करायचा नाही, बाकी आत रंग, नक्षी, फोटो काय हवं ते भरा. पहिल्याच वर्षी कुणी त्यात वारली चित्रं भरली, कुणी शहरातल्या बेसबॉल संघाचे रंग. दुसऱ्या पोस्टरवर थोडी कुरबुर झाली. ते तसंच लावलं.

हे सगळं टिकतं ते मात्र एका कंटाळवाण्या कामावर. कार्यकारिणी बदलते, आणि चिन्हाची मूळ फाइल माजी खजिनदारांच्या संगणकावर, वेबसाइटचं नाव माजी अध्यक्षांच्या ईमेलवर आणि फेसबुक पान गाव सोडून गेलेल्या कुणाच्या तरी ताब्यात राहतं. मग नवे लोक जुन्या आमंत्रणावरून चिन्ह कापून घेतात, ते पुसट होतं, कुणी ते नव्याने काढतं, आणि पाच वर्षांत मंडळाची चार चिन्हं फिरू लागतात. तुम्ही एखाद्या मंडळाच्या समितीत असाल, तर पुढच्या निवडणुकीआधी एवढं करा: चिन्हाच्या SVG आणि PDF फाइली, फाँट, रंगांचे क्रमांक, स्पेलिंगचं पान आणि सगळे पासवर्ड मंडळाच्या स्वतःच्या खात्यात ठेवा, आणि नव्या सचिवांना समोर बसवून ते उघडून दाखवा.