एका थेंबाची दोन वाटांनी मूत्रपिंडयात्रा

मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी नजरेत भरतात ते जांभळट गोल पुंजके. प्रत्येक पुंजक्याभोवती पांढरी, रिकामी कड असते. हा पुंजका म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ, ग्लोमेरुलस. ती कड म्हणजे त्याला कवेत घेणाऱ्या बोमनच्या संपुटातली पोकळी. आजूबाजूला सगळीकडे गुलाबी वर्तुळे दिसतात. वेड्यावाकड्या नळ्या सुरीने आडव्या कापल्या गेल्यामुळे त्या अशा दिसतात. गुच्छ आणि त्याला जोडलेली नळी मिळून एक नेफ्रॉन होतो. एका मूत्रपिंडात असे सुमारे 10 लाख नेफ्रॉन असतात.

स्लाइडवर सगळे थिजलेले असते, म्हणून त्यातून रक्तद्रवाचा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेल्या पिवळसर द्रवाचा, एक इवला थेंब सोडून पाहू. त्याचे 100 भाग कल्पूया.

गुच्छातल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब शरीरातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त असतो. त्या दाबाने थेंब भिंतीतून पलीकडे ढकलला जातो. पाणी, मीठ, साखर, युरिया सहज पार होतात. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने मात्र जवळजवळ सगळी अडतात. इथे पुष्कळांची समजूत चुकते. मूत्रपिंड म्हणजे चाळणी असे आपण म्हणतो आणि सगळे रक्त त्यातून गाळले जाते असे धरून चालतो. प्रत्यक्षात 100 पैकी सुमारे 20 भागच पोकळीत उतरतात. उरलेले 80 भाग दुसऱ्या धमनिकेतून बाहेर पडतात. या 80 भागांना विसरू नका, ते पुन्हा भेटणार आहेत.

गाळलेले 20 भाग नळीच्या पहिल्या नागमोडी भागात शिरतात. स्लाइडवर हा भाग ओळखणे सोपे आहे: पेशी गडद गुलाबी असतात आणि आतली कड मखमलीसारखी अस्पष्ट दिसते. ही मखमल म्हणजे शोषणाचे क्षेत्र वाढवणाऱ्या असंख्य सूक्ष्म बोटांची दाटी. गुलाबी रंग गडद येण्यामागे या पेशींतली भरपूर मायटोकॉन्ड्रिया आहेत, कारण सोडियम उचलून परत रक्ताकडे पाठवायला ऊर्जा लागते. सोडियममागोमाग पाणी जाते. 20 पैकी सुमारे 13 भाग इथेच परततात.

साखरेचा हिशोब मांडून पाहू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. रक्तातली साखर 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर गाळात रोज 180 ग्रॅम साखर उतरते. निरोगी माणसाच्या लघवीत ती जवळजवळ शून्य असते, म्हणजे सगळी परत उचलली जाते. पण ती उचलणाऱ्या वाहक प्रथिनांची संख्या ठरावीक आहे. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ते वाहक अपुरे पडतात आणि उरलेली साखर लघवीत जाते. ती आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवते, म्हणून मधुमेह्याला वारंवार लघवी होते आणि तहान लागते.

आता ते 80 भाग. बाहेर पडलेली धमनिका पुन्हा केशवाहिन्यांत फाटते आणि त्या याच नळीला वेढतात. परतलेले पाणी, मीठ, साखर त्यांतच येते. पण देवाणघेवाण उलट दिशेनेही चालते. जे पदार्थ गाळणीतून सुटले, त्यांतले काही नळीच्या पेशी रक्तातून ओढून नळीत टाकतात. हे स्रवण. पेनिसिलिन गाळणीपेक्षा मुख्यतः याच वाटेने, आणि फार झपाट्याने, बाहेर जाते. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन इतके दुर्मिळ होते की रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच देत. पुढे हे स्रवण रोखणारे प्रोबेनेसिड नावाचे औषध वापरात आले.

नळी पुढे हेन्लेच्या वळणात उतरून परत वर येते. उतरताना पाणी बाहेर जाते, चढताना फक्त क्षार. त्यामुळे आतल्या गाभ्याचा भाग खारट होत जातो. शेवटच्या संग्राहक नलिका याच खारट भागातून खाली जातात. मेंदूतून येणारे एडीएच संप्रेरक असेल तर त्यांच्या भिंती पाणी सोडतात आणि लघवी गडद होते. ते नसेल तर ती फिकी आणि भरपूर होते. जास्तीचे पोटॅशियमही नळीच्या या अखेरच्या टप्प्यात स्रवणाने बाहेर टाकले जाते. आपल्या थेंबाच्या 20 गाळलेल्या भागांपैकी लघवी होऊन बाहेर पडतो तो जेमतेम 0.2 भाग.

मधुमेहात या साखळीतली पहिली कडी, म्हणजे गुच्छाची भिंत, बिघडते आणि अल्ब्युमिन झिरपू लागते. तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. रक्तातले क्रिएटिनिन तर गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत ‘नॉर्मल’ दिसू शकते. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबरच लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी डॉक्टरांकडे मागून करून घ्यावी.