पाचशेच्या स्टॅम्पवरचा भरवसा

समजा, पुण्यात तुमचा एक फ्लॅट आहे आणि तो तुम्ही अकरा महिन्यांसाठी भाड्याने द्यायचं ठरवलंत. भाडं महिना २२,००० रुपये, अनामत एक लाख. एजंट सांगतो, "अकरा महिन्यांच्या आतलं आहे, नोंदणी कशाला? पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून टाकू." हा सल्ला इतक्या वेळा कानावर पडतो की तो कायदाच वाटू लागतो. महाराष्ट्रात मात्र तो चुकीचा आहे.

अकरा महिन्यांची पळवाट आली १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक बारावा महिना टाळू लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मात्र मुदत पाहतच नाही. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही अमुक माणसाने आपल्यासमोर केली, एवढंच नोटरी सांगतो.

मग वाचवायचं तरी किती? साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते कशावर, हे आपल्या फ्लॅटवरच पाहू. अकरा महिन्यांचं भाडं झालं २,४२,००० रुपये. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, म्हणजे एक लाखावर अकरा महिन्यांचे साधारण ९,१६७ रुपये. बेरीज २,५१,१६७ आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ६२८ रुपये. अनामत परत मिळणारी नसेल, तर व्याज नव्हे, ती सगळी रक्कमच हिशेबात येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये, शिवाय ऑनलाइन दस्त हाताळणीचा थोडा खर्च. म्हणजे सरकारी खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. घरी येऊन अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या एजंटचं शुल्क मात्र वेगळं.

आता नोंदणी केलीच नाही असं धरा. अकरा महिने संपले, भाडेकरू जागा सोडत नाही. तो म्हणतो, "आपलं तीन वर्षांचं ठरलं होतं आणि अनामत मी तीन लाख दिली होती." कलम ५५ चा खरा चटका इथे बसतो. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. बँकेत जमा झालेली अनामत, भाड्याच्या पावत्या, मोबाइलवरचे संदेश हे सगळं अशा वेळी कामाला येतं. तीन लाखांऐवजी एकच लाख बँकेतून आल्याचं दाखवता आलं, तर अनामतीचा वाद सुटू शकतो. मुदत तोंडीच ठरली असेल, तर ती कशी दाखवणार?

दुसरं नुकसान वेळेचं. लायसन्सची मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि न सोडलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते. या कामी लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. नोंदणी नसेल तर हाच आधार डळमळतो आणि सरळ मार्गाऐवजी वादाला तोंड फुटतं.

म्हणून करार नसल्याने भाडेकरू घुसखोर ठरतो असं मात्र नाही. ताबा दिला, भाडं घेतलं, तर नोंदणीशिवायही भाडेनातं निर्माण होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अँथनी विरुद्ध इट्टूप खटल्यात स्पष्ट केलं आहे. तो कागद अटी सिद्ध करायला चालत नाही, पण ताबा कोणत्या स्वरूपाचा होता यासारख्या आनुषंगिक गोष्टीसाठी पाहता येतो. मात्र त्याआधी मुद्रांक शुल्क पुरेसं भरलेलं हवं. ते कमी असेल, तर कमी पडलेली रक्कम आणि त्यावर दंड भरेपर्यंत न्यायालय कागद पुराव्यात घेत नाही.

करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची असते. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून संधी मिळते. आणि "नोंदणी केली तर भाडेकरू मालक होईल" ही भीती उलटी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये जागा वापरायची फक्त परवानगी असते, हक्क नव्हे; आणि हे ठाम सांगणारा कागद म्हणजे नोंदवलेला करारच.