डावं अधिक उजवं बरोबर शून्य

शूटिंग नीट झालेलं असतं. कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकाला लावून, हेडफोन कानाला लावून कुणीतरी फाइल ऐकलेली असते आणि आवाज स्वच्छ असतो. मग एडिटिंग होतं, नावं आणि संगीत चढतं, व्हिडिओ मोबाइलवर पोहोचतो आणि बोलणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. कधी आवाज येतो, पण फाटका. शिव्या बहुधा सॉफ्टवेअरला बसतात. पुष्कळदा मात्र दोष असतो एका साध्या बेरजेत.

व्हिडिओतला आवाज म्हणजे आकड्यांची यादी. हवेचा दाब वाढला की आकडा अधिक, कमी झाला की उणे. व्हिडिओत साधारणपणे दर सेकंदाला असे ४८,००० आकडे नोंदवले जातात. स्टिरिओ आवाजात डाव्या बाजूची एक आणि उजव्या बाजूची एक अशा दोन याद्या असतात. फाइल तयार करताना किंवा वाजवताना या आकड्यांची अनेकदा बेरीज होते. ती शून्यावर आली की शांतता, आणि मर्यादेबाहेर गेली की खरखर.

शून्य कसं येतं, ते एका उदाहरणातून पाहू. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एखाद्या गावी हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन चित्रित करायचं आहे, असं धरून चला. मंडपात गोंगाट असतो, म्हणून शूटिंगवाला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेतो आणि मिक्सरवरचा आवाज बेताचा ठेवून ती कॅमेऱ्याच्या माइकच्या छिद्रात लावतो. वायरच्या एका टोकाला तीन पिनांचा कॅनन असतो, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी बारीक स्टिरिओ पिन.

कॅननच्या तीन पिनांपैकी पहिली अर्थची. दुसरीवर आवाज असतो आणि बहुतेक मिक्सरांत तिसरीवर तोच आवाज उलटा करून पाठवलेला असतो. दुसरीवर ९,००० असेल तेव्हा तिसरीवर उणे ९,०००. यामागे युक्ती आहे. लांब वायरीत शिरणारी जनरेटरची किंवा लाइटची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच बसते. पलीकडचं यंत्र दुसरीतून तिसरी वजा करतं. गुणगुण कटते आणि आवाज दुप्पट होतो.

कॅमेऱ्याच्या छोट्या छिद्राला मात्र ही वजाबाकी माहीत नसते. आलेल्या दोन तारा म्हणजे डावं आणि उजवं, एवढंच ते समजतं. त्यामुळे डावीकडे महाराजांचा आवाज नोंदला जातो आणि उजवीकडे तोच आवाज उलटा.

हेडफोनवर हे कळत नाही, कारण प्रत्येक कान आपापली बाजू ऐकतो आणि एका कानाला सुलट्या-उलट्या लहरीतला फरक जवळपास जाणवत नाही. जाणवतं ते इतकंच, की आवाज डोक्याच्या मधोमध न राहता दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटतो. संगणकाच्या दोन स्पीकरांवर तो थोडा पोकळ लागतो. घाईत तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता नांदेडच्या एखाद्या स्टुडिओत त्याखाली तंबोरा जोडला गेला आणि व्हिडिओ एकाच स्पीकरच्या मोबाइलवर लागला. एका स्पीकरला दोन याद्या वेगळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून मोबाइल त्यांची सरासरी काढतो. महाराजांचे ९,००० आणि उणे ९,००० मिळून शून्य. तंबोऱ्याचे मात्र दोन्हीकडे ४,०००, त्यांची सरासरी ४,०००. परिणामी कीर्तनकार गप्प आणि तंबोरा सुरू! फाइल लहान करताना दोन्ही याद्यांत थोडा फरक पडला असेल, तर आवाज पूर्ण न जाता मागे पातळ, चरचरीत अवशेष उरतो. एडिटिंगमध्ये आवाज मोनो करून फाइल काढली असेल, तर तो हेडफोनवरही परत येत नाही.

म्हणजे मूळ फाइल ‘चांगली’ होती असं नाही. ती फक्त दोन कानांनी ऐकली होती. तीच फाइल त्या मोबाइलवर लावली असती, तर तेव्हाच गप्प बसली असती.

तपासणीला दोन मिनिटं पुरतात. संगणकावर व्हीएलसीमध्ये मूळ फाइल लावून Audio, मग Stereo Mode, मग Mono निवडा. माणसाचा आवाज विरला, तर कारण सापडलं. एडिटिंगच्या पडद्यावर दोन्ही बाजूंच्या लहरी मोठ्या करून पाहिल्या, तर वरची लहर जिथे उंच तिथे खालची खोल, अशी आरशातल्यासारखी जोडी दिसते.

उपाय सोपा आहे. डावी बाजूच दोन्हीकडे वापरा आणि उजवी टाकून द्या. किंवा ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन बाजू वेगळ्या करून एकीला Invert लावा. पुढच्या वेळी कॅननऐवजी मिक्सरच्या रेकॉर्डिंगसाठी दिलेल्या स्टिरिओ जागेतून वायर घ्यावी. मात्र मोनो झालेल्या तयार फाइलमधून गेलेला आवाज काढता येत नाही. शून्यात कोणते दोन आकडे मिळाले होते, हे शून्याला आठवत नसतं. म्हणून व्हिडिओ मोबाइलवर ऐकून होईपर्यंत कार्ड पुसू नये.

आता फाटक्या आवाजाकडे वळू. इथे बेरीज उलट्या टोकाला जाते. सोळा बिटांच्या आवाजात सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ असतो. त्यापुढे जागाच नाही. गायकाचा आवाज एका क्षणी २४,००० आणि त्याच क्षणी जोडलेलं संगीत २०,००० असेल, तर बेरीज ४४,००० होते. दोन्ही फाइली स्वतंत्रपणे निर्दोष असतात, पण तयार फाइलमध्ये ३२,७६७ च्या वरचा भाग कापला जातो. लहरीचा गोल माथा सपाट होतो आणि त्या कापलेल्या कडांतून मूळ आवाजात नसलेले कर्कश स्वर जन्मतात. पखवाजाची थाप आणि टाळ एकत्र पडतात, नेमका तिथेच आवाज फाटतो.

एडिटिंग चालू असताना आवाजाच्या मीटरची पट्टी लाल होते, ती हीच सूचना असते. तेव्हा दोन्ही आवाज मुळातच कमी करावेत. सहा डेसिबल कमी केलं की आकडे निम्मे होतात, म्हणजे वरच्या उदाहरणात १२,००० आणि १०,०००. बेरीज २२,०००, निर्धास्त. फाइल तयार झाल्यावर आवाज कमी करून उपयोग नाही. सपाट झालेला माथा तेव्हा सपाटच राहून लहान होतो. फाटका आवाज हळू ऐकू येतो, इतकंच.

तयार व्हिडिओ हेडफोनवरही सुरुवातीपासून पूर्ण गप्प असेल आणि मूळ फाइल Mono करूनही बोलत असेल, तर बेरजेला दोष देऊ नका. बहुधा आवाजाची पट्टी बंद राहिलेली असते, किंवा त्या फाइलमधल्या आवाजाची बांधणी एडिटिंग सॉफ्टवेअरला वाचता आलेली नसते. व्हीएलसी अनेक प्रकारची बांधणी स्वतःच उलगडतं, म्हणून तिथे फाइल वाजते. अशा वेळी मूळ आवाज डब्ल्यूएव्ही प्रकारात बदलून घ्यावा आणि मग जोडावा.