तराजूत काय ठेवलं होतं?

ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून निघालेली एक गोणी महाराष्ट्रातल्या एखाद्या बसस्थानकावर पकडली जाते. पोलीस पंच बोलावतात, वजनकाटा आणतात, गोणी काट्यावर चढते आणि पंचनाम्यात आकडा लिहिला जातो: 21 किलो 300 ग्रॅम. हा प्रसंग उदाहरणादाखल घेतला आहे, पण असे पंचनामे आपल्या न्यायालयांत रोज वाचले जातात. गोणीसोबत पकडलेला माणूस पंचवीस वर्षांचा आहे, गोणी पोहोचवायचे त्याला काही हजार रुपये मिळणार होते. पुढची किमान दहा वर्षं तो तुरुंगात काढणार की वर्षभराच्या आत घरी येणार, हे बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर अवलंबून असतं.

आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा 1985 साली आला. त्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. सुरुवातीच्या कायद्यात गर्दची एक पुडी खिशात असलेला व्यसनी आणि पोत्यांनी माल आणणारा व्यापारी यांच्यातला फरक फार पुसट होता. पुडीवाल्यालाही दहा वर्षांची शिक्षा होऊ शकत होती, आणि व्हायचीही. म्हणून 2001 साली कायदा बदलला आणि शिक्षा वजनाला बांधली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे आहेत. पहिल्या आकड्यापर्यंत ती अल्प मात्रा. दुसऱ्या आकड्याच्या पुढे गेलं की व्यापारी मात्रा, जिला कोर्टात सरसकट ‘कमर्शियल’ म्हणतात. या दोहोंमध्ये जे येतं ती मधली मात्रा.

गांजासाठी हे आकडे 1 किलो आणि 20 किलो आहेत. चरससाठी 100 ग्रॅम आणि 1 किलो. हेरॉइनला 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. मुंबई-पुण्यात सध्या ज्याची सर्वाधिक चर्चा असते त्या एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. एमडी 2015 सालापर्यंत या कायद्यात नव्हतंच.

आता शिक्षा पाहा. अल्प मात्रा असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. इथे ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण न्यायाधीश परिस्थिती पाहून दोन वर्षंही देऊ शकतात. कमर्शियलमध्ये मात्र शिक्षेची सुरुवातच दहा वर्षांपासून होते. कमाल वीस वर्षं, दंड एक ते दोन लाख. आरोपी पहिल्यांदाच पकडला गेला, घरी म्हातारी आई आहे, तो नुसता हमाल होता, यातलं काहीही सिद्ध झालं तरी न्यायाधीशाला दहाच्या खाली येता येत नाही. गांजा 19 किलो 900 ग्रॅम असेल तर न्यायाधीशाच्या हातात सगळं काही असतं आणि 20 किलो 100 ग्रॅम असेल तर दहा वर्षांच्या खालचं काहीच नसतं.

जामिनाचंही तसंच. लोकांचा समज असतो की थोडा माल सापडला तर पोलीस ठाण्यातूनच जामीन मिळतो. महाराष्ट्रात तसं गृहीत धरू नये. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या प्रकरणात सांगितलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, अल्प मात्रेचेसुद्धा. म्हणजे जामीन मागायला कोर्टातच जावं लागतं. पण अल्प आणि मधल्या मात्रेत कोर्ट जामिनाचा विचार इतर गुन्ह्यांसारखाच करतं: आरोपी पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करेल का, आधीचे गुन्हे आहेत का.

कमर्शियल मात्रा आली की कलम 37 आडवं येतं. हे कलम म्हणतं की सरकारी वकिलाने विरोध केला तर कोर्टाची दोन गोष्टींबद्दल खात्री पटल्याशिवाय जामीन देता येणार नाही. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, ही पहिली. जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, ही दुसरी. खटला सुरू झालेला नाही, एकही साक्षीदार तपासलेला नाही, आणि त्या टप्प्यावर आरोपीने आपण निर्दोष असल्याचं कोर्टाला जवळपास पटवून द्यायचं, असा याचा अर्थ होतो. वर आरोपपत्र दाखल करायला इतर गुन्ह्यांत 60 किंवा 90 दिवस असतात, ते इथे 180 होतात, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ती मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकतं. माझ्या मते या कायद्यातली खरी शिक्षा इथेच सुरू होते. पुढे निर्दोष सुटलेल्या माणसाची चार-पाच वर्षं कच्चा कैदी म्हणूनच गेलेली असू शकतात. सर्वोच्च न्यायालयालाही हे खटकलं आहे. मार्च 2023 मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की खटला अवाजवी लांबला असेल तर कलम 37 असूनही जामीन देता येतो. त्या प्रकरणातला आरोपी तोवर सात वर्षांहून जास्त काळ आत होता.

इतकं सगळं वजनावर टांगलेलं असेल, तर वजन नेमकं कशाचं केलं हा प्रश्न येतोच. आणि इथेच निम्मी लढाई लढली जाते.

भेसळीचं उदाहरण घ्या. रस्त्यावर विकलं जाणारं हेरॉइन शुद्ध कधीच नसतं. 2008 साली ई. मायकल राज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे जवळपास 4 किलोची पावडर होती, पण रासायनिक तपासणीत त्यातलं हेरॉइन दीड टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. न्यायालयाने शुद्ध अंशच धरला, मात्रा मधली ठरवली आणि शिक्षा कमी केली. पुढच्याच वर्षी सरकारने तक्त्याला टीप जोडली की संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. वाद मिटला तो एप्रिल 2020 मध्ये. हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आधीचा निकाल रद्द ठरवला आणि मिश्रणाचं एकूण वजनच मोजलं जाईल असं सांगितलं. त्यामागचा विचार असा, की पेठेत पुडीच विकली जाते, शुद्ध अंश कुणी वेगळा काढून विकत नाही, आणि भेसळीचा माल शुद्ध मालापेक्षा कमी घातक नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये एलएसडीच्या बाबतीतही हेच सूत्र लावलं: थेंब ज्या कागदात मुरवलेला असतो त्या कागदाचं वजनही धरायचं, कारण तो कागदच तोंडात ठेवतात. हे तर्काला धरून आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याचा भार पडतो तो शेवटच्या पुडीवाल्यावर. व्यापाऱ्याने दहा पट चुना मिसळला, तर शिक्षा वाढते ती तो माल खिशात घेऊन फिरणाऱ्याची.

पॅकिंगचं मात्र तसं नाही. समजा एमडीच्या साठ छोट्या प्लास्टिक पुड्या सापडल्या आणि काट्यावर एकूण वजन 54 ग्रॅम भरलं. रिकामी पुडी 0.2 ग्रॅमची असेल तर साठ पुड्यांचं प्लास्टिकच 12 ग्रॅम होतं. आत उरतं 42 ग्रॅम. 54 वर कमर्शियल, 42 वर मधली मात्रा. प्लास्टिक हा अमली पदार्थ नाही, त्याचं वजन धरता येत नाही.

आता पुन्हा त्या गोणीकडे येऊ. कायद्यात गांजाची व्याख्या आहे: भांगेच्या झाडाची फुलं किंवा फळं आलेली शेंडी. पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. गोणीत मात्र बहुतेक वेळा सगळंच कोंबलेलं असतं: शेंडे, सुटी पानं, देठ, काड्या, बिया. आपल्या उदाहरणात आधी रिकामी गोणी आणि आतलं प्लास्टिक यांचे 600 ग्रॅम वजा करा, उरले 20 किलो 700 ग्रॅम. त्यातल्या जाड काड्या आणि वेगळी पडलेली पानं 7 किलो निघाली तर शेंड्यांचं वजन 13 किलो 700 ग्रॅम उरतं. प्रकरण कमर्शियलमधून मधल्या मात्रेत येतं, कलम 37 गळून पडतं, किमान दहा वर्षांची अट राहत नाही. पंचनाम्यात शेंडे वेगळे करून तोलल्याची नोंद नाही, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन दिला आहे. प्रत्येक वेळी हा युक्तिवाद टिकतोच असं नाही. हिरा सिंगचा आधार घेऊन सरकार म्हणतं की हेही मिश्रणच आहे, आणि पानं शेंड्यांना लागून होती की सुटी, यावर वाद होतो. पण तो वाद घालायचा असेल तर पंचनाम्यातलं मालाचं वर्णन हाताशी असावं लागतं. ‘हिरवट रंगाचा उग्र वासाचा पाला’ एवढंच लिहिलं असेल तर तेच आरोपीच्या बाजूने बोलतं.

नमुन्यांचीही अशीच गोष्ट आहे. कलम 52-अ सांगतं की जप्त मालाची यादी, छायाचित्रं आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित झाले पाहिजेत. गोणीत दहा पाकिटं होती आणि ती सगळी एकत्र ओतून एकच नमुना काढला, तर प्रत्येक पाकिटात गांजाच होता हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून सांगता येत नाही. एका गाडीत चौघे सापडले आणि प्रत्येकाच्या खिशात वेगळी पुडी होती, तेव्हा चौघांच्या पुड्यांची बेरीज करून मात्रा ठरवली आहे का, हेही बघावं लागतं. कट सिद्ध होत नसेल तर ज्याची पुडी त्याच्याच नावावर.

व्यसनात अडकलेल्यांसाठी कायद्यात एक वाट ठेवलेली आहे, तिचा उल्लेख फार कमी वेळा होतो. कलम 64-अ नुसार व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि ती स्वतःहून सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेली, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. हा मुद्दा कोर्टापुढे मांडला तरच त्याचा उपयोग, म्हणून वकिलाला तो पहिल्याच दिवशी सांगावा.

कुणाच्या घरावर अशी वेळ आली तर पहिल्या रिमांडलाच वकिलाकरवी पंचनाम्याची आणि जप्ती यादीची प्रत मागा. एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का, मालाचं वर्णन काय आहे, किती पाकिटं होती आणि नमुने किती घेतले, हे त्यात शोधा. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला की त्यातलं वजन आणि वर्णन पंचनाम्याशी ताडून पाहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज करा, कोठडीतल्या आरोपीला तिथून मोफत वकील मिळतो.