अर्ध्या मिलिमीटरची गल्ली

एसटीएम३२ घराण्यातला एक मायक्रोकंट्रोलर हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. ‘ब्लू पिल’ नावाच्या निळ्या सराव-बोर्डावर मधोमध बसलेली काळी चौकोनी चिप ती हीच. बाजू सात मिलिमीटरची आणि चारही बाजूंना बारा-बारा मिळून ४८ पाय. एका पायाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्धा मिलिमीटर. पायाची स्वतःची रुंदी वजा केली, तर दोन पायांमध्ये साधारण पाव मिलिमीटर मोकळी जागा उरते. चुकीच्या व्होल्टेजने ही चिप जळाली, तर ती काढून नवी बसवायची म्हणजे या गल्लीत काम करायचे.

जुनी चिप काढताना गरम हवेची गन लागते. कारखान्यातले शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणून आधी सगळ्या पायांवर फ्लक्स लावून थोडे शिसेवाले सोल्डर फिरवतात. कथिल-शिशाचे ६३-३७ मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, त्यामुळे दोन्ही मिसळले की काम कमी उष्णतेत होते. शेजारी प्लॅस्टिकचा सॉकेट असेल तर त्यावर पिवळी कॅप्टन टेप. गनवर ३५० अंश लावले तरी चिपपर्यंत तेवढे पोहोचत नाहीत. हवा मंद ठेवायची, नाहीतर शेजारचे बारीक कॅपॅसिटर उडतात. आधी आजूबाजूचा बोर्ड तापवून मग चिपच्या कडेने गन गोल फिरवत राहायचे. चिमट्याने हळूच ढकलल्यावर चिप सरकून परत जागेवर आली, की खालचे सगळे सोल्डर पातळ झाले, आता उचलायची. त्याआधी ओढली तर पायाबरोबर बोर्डावरचा तांब्याचा पॅडही उखडतो, आणि मग ४८ पायांचे काम बाजूला राहून एका पॅडची शस्त्रक्रिया सुरू होते.

तांब्याच्या विणलेल्या पट्टीने पॅड साफ केले, नव्या चिपवरचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळवला आणि समोरासमोरचे दोन कोपरे टाचून घेतले, की खरे काम फ्लक्सचे. टोक पाव मिलिमीटरचे नसतानाही इतक्या बारीक पायांवर सोल्डर लावता येते, ते त्याच्यामुळेच. धातूवर हवेत ऑक्साइडचा थर बसतो आणि वितळलेले सोल्डर त्याला चिकटत नाही. फ्लक्स तो थर काढतो. मग सोल्डर स्वतःच्या पृष्ठताणाने स्वच्छ धातूकडे ओढले जाते. पॅडांमधला लेप त्याला थारा देत नाही. म्हणून चांगला रेटा फ्लक्सचा देऊन, रुंद टोकावर थोडेसे सोल्डर घेऊन, एका ओळीवरून संथपणे ओढत नेले तर प्रत्येक पाय आपल्या वाट्याचे घेतो. फ्लक्स काही सेकंदांत धुरासारखा उडून जातो. तो संपला, की सोल्डरवर साय धरते आणि दोन पायांत ते दोरीसारखे अडकते. असा ‘शॉर्ट’ झाला तर अनेकजण टोक खुपसत बसतात. खरा उपाय पुन्हा फ्लक्स लावून, कोरडे स्वच्छ टोक चिपपासून बाहेरच्या दिशेने ओढणे.

तपासण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवायचा. सुकलेला चकचकीत फ्लक्स आतली फट झाकतो. मग दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात बघायचे, आणि वरून नव्हे तर बाजूने. शॉर्ट बहुतेकदा पायाच्या मागे, चिपच्या पोटाजवळ लपतो.

‘ड्राय’ जोड ओळखायला लोक चमक बघतात. हा सल्ला जुन्या शिसेवाल्या सोल्डरचा; शिसेविरहित जोड चांगला असूनही मळकट दिसतो. आकार पाहावा. सोल्डर पॅडवर पसरून पायाच्या अंगावर वळत चढलेले असेल तर जोड पक्का, आणि मागच्या टाचेपाशीची ही चढण सर्वांत महत्त्वाची. सोल्डर गोळ्यासारखे फुगून बसले किंवा पाय नुसता वर टेकला असेल, तर तो ड्राय. संशय आधी जमिनीच्या पायांवर घ्यावा. या चिपवर २३ नंबरचा पाय जमिनीला जातो. मागे तांब्याचा मोठा पसारा असल्याने तो उष्णता शोषून घेतो आणि टोक शेजाऱ्यांइतकाच वेळ थांबले तर तिथे सोल्डर नीट पसरत नाही.

मल्टिमीटर इथे फसवतो. त्याची सुई पायावर दाबली की लोंबता पायही पॅडला टेकतो आणि मीटर वाजतो. म्हणून एक सुई चिपच्या पायावर अगदी हलकी आणि दुसरी त्याच रेषेवरच्या पुढच्या घटकावर ठेवावी. दाताच्या कोरणीच्या टोकाने पाय बाजूला हलवून बघणे त्याहून खात्रीचे: हलला तर जोड नाही.

शेवटी २३ आणि २४. जमीन आणि ३.३ व्होल्ट शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे इथला शॉर्ट म्हणजे थेट वीजपुरवठ्याचाच शॉर्ट. मीटर क्षणभर वाजून थांबला तर तो कॅपॅसिटर भरल्याचा आवाज. वाजतच राहिला तर भिंग पुन्हा हातात घ्यायचे. नाहीच वाजला, तरी पहिल्यांदा वीज देताना पुरवठ्यावर प्रवाहाची मर्यादा शंभर मिलिअँपियरवर ठेवावी.